मुलीच्या फीवरचा टीसीएस: एकदा 5 टक्के, एकदा 20 टक्के, आणि तो परत मिळवायचा कसा

प्रश्न: मुलगी एमएस्सीसाठी आयर्लंडला गेली. जून 2025 मध्ये 4 लाख आणि ऑगस्टमध्ये 11 लाख फी भरली, सप्टेंबरमध्ये तिच्या राहण्याखाण्यासाठी 3 लाख पाठवले. सगळं माझ्याच खात्यातून. बँकेने पहिल्यांदा काहीच घेतलं नाही, दुसऱ्यांदा 25,000 आणि तिसऱ्यांदा चक्क 60,000 टीसीएस म्हणून घेतले. सगळा पैसा शिक्षणाचाच, मग असं कसं? हे 85,000 परत मिळतात का, कधी, आणि कुणाला? माझा पगार वर्षाला 18,75,000, नवीन करप्रणाली, दुसरं उत्पन्न नाही. बायको गृहिणी आहे. डिसेंबरात दोघं मुलीला भेटायला जाणार आहोत, तेव्हा पुन्हा कापतील का?

उत्तर (ऑक्टोबर 2025):

85,000 बुडालेले नाहीत. तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा झालेला तो आगाऊ कर आहे आणि पूर्ण तुमचाच आहे. तुम्ही याच महिन्यात हालचाल केलीत तर त्यातले जवळपास सगळे पैसे मार्चपर्यंत पगारातून तुमच्या हातात येतील, रिफंडची वाट बघायला नको. ते कसं, ते खाली आकडे मांडून सांगतो. त्याआधी 60,000 कुठून आले ते बघू, कारण डिसेंबरच्या प्रवासाचं उत्तर त्यातच आहे.

परदेशी पैसे पाठवताना बँक तुमच्याकडून जो टीसीएस घेते तो आयकर कायद्याच्या कलम 206C(1G) खाली. ऑक्टोबर 2020 पासून तो सुरू आहे, दर आणि मर्यादा मात्र दोनतीनदा बदलल्या. या आर्थिक वर्षात, म्हणजे 1 एप्रिल 2025 पासून, एका माणसाच्या पॅनवर वर्षभरात 10 लाखांपर्यंत काहीच घेत नाहीत. त्यापुढच्या रकमेवर शिक्षण किंवा वैद्यकीय उपचारासाठी 5 टक्के आणि बाकी कशासाठीही 20 टक्के. आधीच्या वर्षापर्यंत ही मर्यादा 7 लाख होती, त्यामुळे ओळखीतल्या कुणी 'सात लाखांवर लागतो' असं सांगितलं असेल तर ते जुनं आहे.

पहिले 4 लाख मर्यादेत बसले. ऑगस्टच्या 11 लाखांनंतर एकूण 15 लाख झाले, मर्यादेवर 5 लाख गेले, त्याचे 5 टक्के म्हणजे 25,000. इथपर्यंत बँकेचं बरोबर आहे.

घोळ तिसऱ्या वेळी झाला. नेट बँकिंगवर केलंत की शाखेत जाऊन, माहीत नाही, पण मला खात्री वाटते की उद्देशाच्या यादीत तुम्ही किंवा काउंटरवरच्या माणसाने 'कुटुंबीयांचा चरितार्थ' अशा अर्थाचा पर्याय निवडला. पैसे फी म्हणून विद्यापीठाला न जाता मुलीच्या तिकडच्या खात्यात गेले, त्यामुळे तोच पर्याय सरळ वाटतो. त्याचा कोड S1301. पैसे पाठवताना भरलेल्या A2 फॉर्मची प्रत काढा किंवा बँकेने ईमेल केलेली डेबिट अॅडव्हाइस बघा, कोड तिथे छापलेला असतो. S1301 शिक्षणात मोडत नाही, म्हणून 3 लाखांवर 20 टक्के, 60,000. परदेशात जाऊन शिकणाऱ्याच्या खर्चाचा कोड S0305. तो लागला असता तर 15,000 कापले असते.

आणि तो लावायला तुम्हाला पूर्ण अधिकार होता. 'शिक्षण' म्हणजे फक्त फी नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 30 जून 2023 च्या परिपत्रकात (क्रमांक 10) हे स्पष्ट केलं आहे: शिकायला जाण्यायेण्याचं तिकीट, संस्थेची फी, आणि त्या शिक्षणासाठी लागणारा रोजचा खर्च, तिन्ही त्यात येतात. वसतिगृहाचं भाडं, किराणा, बसचा पास हे शिकणाऱ्या मुलीसाठी पाठवलेत तर ते शिक्षणच. पुढच्या वेळी प्रवेशपत्र किंवा विद्यापीठाचं विद्यार्थी असल्याचं पत्र आणि व्हिसाची प्रत जोडा, आणि काउंटरवर 'मुलीला घरखर्चाला पाठवतोय' असं म्हणू नका. तुम्ही सहज बोलता, समोरचा ऐकलेल्या शब्दाला जुळणारा कोड दाबतो. माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या-चौथ्या पालकाचं हेच होतं.

आता झालेली चूक दुरुस्त होईल का? बँकेला एका महिन्यात घेतलेला टीसीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारकडे भरावा लागतो. त्याआधी लक्षात आणून दिलंत तर काही बँका कोड बदलून फरक परत करतात. तुमचा सप्टेंबरचा पैसा आता भरला गेलेला असणार, तेव्हा बँकेशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. जास्तीचे 45,000 सुद्धा तुमच्याच नावावर जमा आहेत. नुकसान झालंय ते फक्त काही महिने पैसे अडकण्याचं.

एक गोष्ट पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा. 10 लाखांची ही मर्यादा सगळ्या उद्देशांना मिळून एकच आहे आणि ती पाठवण्याच्या क्रमाने भरत जाते. तुमच्याकडे खरोखरच 20 टक्क्यांत मोडणारा काही खर्च असेल, समजा भावाला भेट म्हणून पाठवायचे असतील, तर ते वर्षाच्या सुरुवातीला पाठवा. ते मर्यादेच्या आत खपतात आणि मर्यादेबाहेर जाणारी फी 5 टक्क्यांवर राहते. तुमच्याच आकड्यांत बघा: तेच 3 लाख चुकीच्या कोडवर का असेना, पण जूनमध्ये गेले असते तर त्यांच्यावर शून्य, आणि वर गेलेल्या 8 लाखांच्या फीवर 40,000. शेवटी पाठवल्यामुळे 85,000. मर्यादा वेगवेगळ्या बँकांना वेगवेगळी मिळत नाही. दुसऱ्या बँकेतून पाठवताना तुमच्याकडून लिहून घेतात की या वर्षात आधी किती पाठवलं. तिथे खोटं लिहिलंत तर कारवाई तुमच्यावर होते, बँकेवर नाही. रक्कम पॅनवरून जुळते, लपत नाही.

कर्जाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वाचणाऱ्या अनेकांना लागेल म्हणून थोडक्यात. बँकेकडून किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून शैक्षणिक कर्ज घेऊन, म्हणजे ज्याच्या व्याजाला 80E ची वजावट मिळते ते कर्ज, त्यातून पैसे गेले तर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस शून्य आहे, कितीही रक्कम असो. पतसंस्थेकडून किंवा मामाकडून घेतलेल्या उसन्या पैशांना ही सवलत नाही. पैसे पाठवणाऱ्या बँकेला मंजुरीपत्र आधी द्यावं लागतं. कर्ज एका बँकेचं आणि पैसे दुसऱ्या बँकेतून, असं झालं की ती दुसरी बँक कागद मागते, आणि कागद नसेल तर 5 टक्के घेऊन मोकळी होते.

आता तुमचे पैसे.

पगार 18,75,000, त्यातून प्रमाणित वजावट 75,000, करपात्र 18 लाख. नवीन प्रणालीत पहिल्या 4 लाखांवर शून्य, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्के म्हणजे 40,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 15 टक्के म्हणजे 60,000, आणि उरलेल्या 2 लाखांवर 20 टक्के म्हणजे 40,000. एकूण 1,60,000. त्यावर 4 टक्के उपकर 6,400. वर्षाचा कर 1,66,400.

तुमची कंपनी हा बारा महिन्यांत वाटून कापत असणार, महिन्याला सुमारे 13,867. एप्रिल ते सप्टेंबरच्या सहा पगारांत 83,200 कापले गेले, अजून 83,200 कापायचे आहेत. आणि दुसरीकडे तुमचे 85,000 टीसीएस म्हणून सरकारकडे पडले आहेत. म्हणजे या क्षणी तुम्ही वर्षाच्या करापेक्षा 1,800 रुपये जास्तच भरून बसला आहात.

ऑक्टोबर 2024 पूर्वी इथे काही करता येत नव्हतं. पगारातून पूर्ण कर कापू द्यायचा आणि नंतर रिटर्न भरून रिफंड मागायचा. 1 ऑक्टोबर 2024 पासून कलम 192(2B) बदललं, आणि नोकरदार माणूस आपला टीसीएस मालकाला कळवू शकतो. त्यासाठीचा फॉर्म आहे 12BAA. त्यात बँकेचं नाव, पत्ता, टॅन, टीसीएसची रक्कम आणि तारीख भरायची. एचआरकडे किंवा पेरोल पोर्टलवर हा फॉर्म मागा. गुंतवणुकीच्या घोषणापत्रासाठी जी खिडकी उघडते तिथेच बहुतेक ठिकाणी तो असतो. एखाद्या छोट्या कंपनीच्या हिशेबनीसाने 'असं काही नसतं' म्हटलं तर शांतपणे फॉर्मचा क्रमांक सांगा. मला असे दोनतीन फोन दर दिवाळीनंतर येतात.

तो या आठवड्यात दिलात तर ऑक्टोबर ते मार्चच्या सहाही पगारांतून कर कापायची गरज उरत नाही. 83,200 रुपये महिन्याला साधारण 13,867 च्या हप्त्यांनी हातात येतील आणि उरलेले 1,800 रिटर्नमध्ये रिफंड म्हणून मागायचे. उशीर केलात तर उरलेल्या महिन्यांत जेवढा कर कापायचा शिल्लक असेल तेवढ्यापुरतंच समायोजन होईल. आधीच कापलेला कर कंपनी उलटा परत देत नाही. म्हणून जानेवारीत दिलेला फॉर्म आणि आज दिलेला फॉर्म यात 41,600 रुपयांचा फरक आहे.

पुरावा म्हणून कंपनी काय मागेल? बँक दर तिमाहीचं टीसीएस विवरणपत्र, 27EQ, भरते. जुलै ते सप्टेंबरचं 15 ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला 27D हे प्रमाणपत्र द्यायचं असतं. तुमचे दोन्ही टीसीएस ऑगस्ट आणि सप्टेंबरचे, म्हणजे याच तिमाहीतले. विवरणपत्र भरून झालं की काही दिवसांत ते 26AS मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत, दिसू लागतात. आयकर पोर्टलवर e-File, Income Tax Returns, View Form 26AS असं जाऊन भाग VI उघडा. तिथे 25,000 आणि 60,000 अशा दोन ओळी तुमच्या बँकेच्या नावापुढे असायला हव्यात. त्या पानाचा प्रिंट आणि 27D पुरेसं होतं. अजून दिसत नसेल तर आठवडाभर थांबून पुन्हा बघा, पण डेबिट अॅडव्हाइस जोडून फॉर्म मात्र देऊन टाका.

पगारदार नसलेल्यांनी हेच आगाऊ कराच्या हप्त्यात करायचं. दुकानदार, डॉक्टर, वकील, ज्यांना 15 डिसेंबर आणि 15 मार्चचे हप्ते भरायचे असतात, त्यांनी टीसीएस वजा करूनच हप्ता काढावा. वेगळा फॉर्म लागत नाही.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये रिटर्न भरताना एक सापळा आहे आणि तो 12BAA दिलेल्यांसाठीच आहे. तुमच्या फॉर्म 16 मध्ये टीडीएस 83,200 च दिसेल. रिटर्न भरणाऱ्याने फॉर्म 16 बघून पगार आणि टीडीएस टाकला आणि Schedule TCS रिकामं सोडलं, तर संगणक म्हणणार की 83,200 कर भरायचा बाकी आहे. लोक घाबरतात, काही जण तर खरंच भरून टाकतात. Schedule TCS मध्ये बँकेचा टॅन आणि रक्कम आपोआप येते, पण 'या वर्षी किती दावा करत आहात' हा रकाना आहे तिथे 25,000 आणि 60,000 खरोखर भरलेले आहेत ना ते डोळ्यांनी बघा. टीसीएसच्या ओळी TDS च्या तक्त्यात घुसवू नका. आणि ही रक्कम तुमचं उत्पन्न नाही, खर्चही नाही. ती फक्त करातून वजा होते.

तुमचा आयटीआर-1 चालेल, टीसीएसचा तक्ता त्यात आहे. मात्र मुलीच्या तिकडच्या बँक खात्यात तुमचं नाव सहखातेदार म्हणून असेल, तर परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो आणि मग आयटीआर-2. पालक हौसेने नाव घालतात, नंतर विसरतात. ते आत्ताच विचारून घ्या.

रिटर्न भरायची घाई करू नका. जानेवारी ते मार्चमध्ये काही पैसे पाठवलेत तर त्या तिमाहीचं बँकेचं विवरणपत्र 15 मेपर्यंत येतं, तोवर ती ओळ 26AS मध्ये नसते. एप्रिलमध्येच रिटर्न भरणारे उत्साही लोक इथे अडकतात. आणि ओळ आलीच नाही, किंवा चुकीच्या पॅनवर गेली, तर दुरुस्ती तुम्ही करू शकत नाही. बँकेने 27EQ चं सुधारित विवरणपत्र भरायला हवं. त्यासाठी बँकेला लेखी पत्र द्या, डेबिट झाल्याचा पुरावा जोडा. 26AS मध्ये नसलेली रक्कम रिटर्नमध्ये मागितलीत तर 143(1) च्या सूचनेत ती कापून येते. रक्कम मागाहून दिसू लागली तर पोर्टलवर Rectification मध्ये Tax Credit Mismatch Correction हा पर्याय आहे, त्याने काम होतं.

रिफंडवर व्याज मिळतं का, हेही लोक विचारतात. मिळतं, महिन्याला अर्धा टक्का, पण वेळेत रिटर्न भरलं तर 1 एप्रिल 2026 पासून. ऑगस्टपासून मार्चपर्यंत पैसे सरकारकडे होते त्याचं काही नाही. शिवाय रिफंड तुमच्या कराच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज मिळतच नाही. तुमच्या बाबतीत ती रेषा 16,640 वर आहे. म्हणून 1,800 रुपयांवर व्याज नाही, आणि म्हणूनच 12BAA देऊन पैसे आत्ता सोडवणं जास्त शहाणपणाचं.

आता 'कुणाला' मिळतात. ज्याच्या पॅनवर कापले त्यालाच. मुलीला नाही, बायकोला नाही. एक छोटा अपवाद अज्ञान मुलांचा आहे: त्यांच्या पॅनवर कापलेला टीसीएस, त्यांचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जात असेल तर, 1 जानेवारी 2025 पासून तो पालक मागू शकतो, त्यासाठी बँकेला घोषणापत्र द्यावं लागतं. तुमची मुलगी सज्ञान आहे, तेव्हा तो रस्ता तुमच्यासाठी नाही.

कुणाच्या खात्यातून पैसे पाठवायचे हा निर्णय म्हणूनच आधी घ्यायला हवा. गेल्या फेब्रुवारीत माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. 2023-24 मध्ये त्यांनी मुलाच्या फीसाठी आजीची मुदत ठेव मोडली आणि 20 लाख आजीच्याच खात्यातून पाठवले. तेव्हा मर्यादा 7 लाख होती, वरच्या 13 लाखांवर 65,000 टीसीएस गेला. आजी 74 वर्षांच्या, उत्पन्न करमर्यादेच्या आत, आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही. मुलाने आपल्या रिटर्नमध्ये ते 65,000 मागितले, अर्थातच नामंजूर झाले. खरं तर ज्येष्ठ नागरिकाच्या पॅनवर टीडीएस-टीसीएस मिळून 50,000 च्या वर गेला की रिटर्न भरणं बंधनकारकच होतं, साठीच्या आतल्यांना ही रेषा 25,000 ची आहे. ते माझ्याकडे आले तोवर उशिरा रिटर्न भरायची तारीख निघून गेली होती. अद्ययावत, म्हणजे 'अपडेटेड' रिटर्न चार वर्षं भरता येतं असं ते कुठेतरी वाचून आले होते, पण त्यात रिफंड मागता येत नाही. शेवटी कलम 119(2)(b) खाली विलंब माफ करावा असा अर्ज केला, आजींची सही घ्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. त्या माउलींनी चहा दिला आणि विचारलं, 'माझे पैसे, नातवाला दिले, मग सरकार का मध्ये आलं?' सोपं उत्तर मला सुचलं नाही.

तुमच्या घरात मात्र बायकोच्या नावाचा सरळ उपयोग आहे. तिच्या पॅनवर स्वतंत्र 10 लाखांची मर्यादा आहे, तशीच वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची स्वतंत्र मर्यादाही. तुम्ही तिला पैसे भेट दिलेत तर त्यावर कर नाही, आणि तिने ते तिच्या एकटीच्या खात्यातून मुलीच्या शिक्षणासाठी S0305 ने पाठवले तर 10 लाखांपर्यंत टीसीएसही नाही. मार्चच्या आत आणखी पैसे पाठवायचे असतील तर हाच मार्ग घ्या. संयुक्त खातं वापरलंत तर बँक कुणाचा पॅन धरते ते आधी विचारा, बहुतेक वेळा पहिल्या नावाचा धरतात. तिच्या 10 लाखांवर जाऊ नका, कारण वर गेल्यास तिच्यासाठी वेगळं रिटर्न भरून रिफंड काढावा लागेल.

डिसेंबरचा प्रवास. इथे तुमची 10 लाखांची मर्यादा आधीच भरलेली आहे हे विसरू नका. तुम्ही आपल्या नावावर फॉरेक्स कार्डात 1 लाख भरलेत, किंवा रोख युरो घेतलेत, तर पहिल्या रुपयापासून 20 टक्के, म्हणजे 20,000 जातील. मुलीला भेटायला जाणं हे तिचं शिक्षण होत नाही, तो प्रवासच. बायकोच्या नावाने फॉरेक्स कार्ड काढा, तिची मर्यादा मोकळी आहे. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या रिझर्व्ह बँकेच्या अडीच लाख डॉलरच्या योजनेत मोजला जात नाही, म्हणून त्यावर टीसीएस नाही. डेबिट कार्ड मात्र मोजलं जातं.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर त्याचा हिशेब वेगळा. तिथे टीसीएस कंपनी घेते आणि पहिल्या रुपयापासून घेते: 10 लाखांपर्यंत 5 टक्के, वर 20 टक्के. दोघांचं पॅकेज 6 लाखांचं असेल तर 30,000. पॅकेज कशाला म्हणायचं, तर विमानाचं तिकीट, हॉटेल आणि तत्सम खर्च यातल्या किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तर. नुसतं तिकीट पॅकेज नव्हे. इथल्या एजंटकडून रुपयांत तिकीट काढून मुलीच्या भाड्याच्या खोलीत राहणार असाल तर यातलं काहीच लागत नाही, डब्लिनच्या थंडीचं मात्र बघा. पॅकेज घेतलंच तर पॅन तुमचा द्या, बायकोचा नको. तुमच्या करातून ते वळतं करता येतं, तिला त्यासाठी रिटर्न भरावं लागेल. 12BAA पुन्हा सुधारून द्या, म्हणजे राहिलेल्या महिन्यांत जे बसेल ते बसेल. तुमच्या बाबतीत पगारातून कापायचं काहीच उरलेलं नसेल, त्यामुळे ते 30,000 रिफंडमध्येच येतील. तसं झालं तर रिफंड 31,800, म्हणजे 16,640 च्या वर, आणि मग व्याजही मिळेल. ते व्याज करपात्र असतं, ते पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दाखवा.

नंतर जोडलेले (फेब्रुवारी 2026): 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात दर बदलल्याची घोषणा झाली आहे, म्हणून लिहितो. 1 एप्रिल 2026 पासून शिक्षण आणि उपचारासाठी 5 ऐवजी 2 टक्के, आणि टूर पॅकेजवर रकमेची मर्यादा न बघता सरसकट 2 टक्के. बाकीच्या कारणांसाठी 20 टक्के तसाच आहे. म्हणजे S0305 ऐवजी S1301 पडला तर पूर्वी चौपट कापायचे, आता दहापट कापतील. तुमच्या सप्टेंबरच्या 3 लाखांवर बोलायचं तर 6,000 विरुद्ध 60,000. त्याच तारखेपासून नवा आयकर कायदा, 2025 लागू होतोय, त्यात टीसीएसचं कलम 394 आहे आणि फॉर्मचे क्रमांकही बदलताहेत, तेव्हा एप्रिलनंतर एचआरला 12BAA म्हणून विचारू नका, 'टीसीएस कळवायचा फॉर्म' म्हणून विचारा. 2025-26 चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने, वर सांगितलं तसंच भरायचं आहे.